क्रॉसिंग

सुरतेहून पूर्वेला निघणारी एक रेल्वे बारडोली, मढी, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरते. तिथून चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव असं करत ती जळगावला मुंबई-भुसावळच्या मुख्य मार्गाला मिळते. यातला सुरत ते अमळनेर हा पट्टा 1899-1900च्या सुमारास, म्हणजे ऐन छप्पन्नच्या दुष्काळात सुरू झाला. ‘तापी व्हॅली रेल्वे’ हे त्या कंपनीचं नाव आणि मुंबईची किलिक निक्सन ही पेढी तिचा कारभार बघायची. खानदेशचा कापूस सुरतेच्या बाजूला नेणं हा तिचा मोठा धंदा होता. आजची राज्यसीमा तेव्हा नव्हती. नवापूरच्या पलीकडे सोनगड-व्याऱ्याकडे बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख होता. 1 मे 1960ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा थेट नवापूरच्या स्टेशनातून गेली. तिथल्या एका बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात.

मी नंदुरबारचा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहितो. गेलं वर्षभर माझ्या डोक्यात या मार्गावरचा एक प्रसंग आहे. 1972च्या हिवाळ्यातली सुरतेकडे जाणारी पॅसेंजर, तिसऱ्या वर्गाचा गच्च भरलेला डबा आणि त्यात चार अनोळखी माणसं. गर्दीच्या डब्यात अनोळखी लोकांच्या गोष्टी एकमेकींना छेदून जातात हे आपण इतक्या सिनेमांत पाहिलंय की लिहिताना हात आपोआप त्या साच्यात जातो. एकाने डबा उघडायचा, दुसऱ्याने लोणचं पुढे करायचं, मग सगळ्यांनी आपापली दुःखं सांगायची. मला ते नको होतं. म्हणून मी आधी एक साधा प्रश्न घेतला. त्या वर्षी त्या डब्यात खरोखर कोण असू शकलं असतं, आणि ती माणसं एकमेकांशी बोलायला किती वेळ एकत्र असती?

सुरुवात गर्दीपासूनच करू. गर्दी म्हणजे नेमकी किती, हे सांगणारा एक भरवशाचा साक्षीदार आपल्याकडे आहे. 1917 साली गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका लिहिली. मुंबईहून मद्रासला जाताना तेरा रुपये नऊ आणे तिकीट काढून ते ज्या डब्यात बसले, त्यावर ‘बावीस प्रवासी’ असं लिहिलेलं होतं. प्रवासाच्या बऱ्याच काळात तिथे पस्तीसच्या खाली माणसं नव्हती. काही खाली घाणीत आडवी झाली होती, काहींना उभं राहावं लागलं होतं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे आकडे बावीस आणि पस्तीस. जास्तीची तेरा माणसं कुठे गेली, याचं उत्तर दिल्याशिवाय डबा कागदावर उभा राहत नाही. ती दाराशी असतात, दोन बाकांच्या मधल्या जमिनीवर असतात, संडासाच्या बाहेर गाठोड्यावर असतात. आणि कोण बाकावर व कोण जमिनीवर, हे फक्त आधी आल्या-गेल्यावर ठरत नाही.

इथे बाबुराव बागूल आठवतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या कथेमागे सुरतेकडच्या रेल्वेनोकरीचा स्वतःचा अनुभव होता. कथेतला तरुण नोकरीला लागतो, सोबतचे कामगार त्याला वरच्या जातीचा समजतात, आणि खरं कळल्यावर त्याला मारतात. ही कथा डब्यातली नाही, पण डब्यातल्या प्रसंगाबद्दल ती एक गोष्ट शिकवते. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘कुठे निघालात?’ हा असतो आणि लगेच दुसरा, ‘कोण तुम्ही?’ दुसऱ्याचं उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं बोलणं ठरतं. 1972च्या डब्यात आदिवासी बाई बाकाच्या टोकाला जागा असूनही जमिनीवर बसलेली असेल, तर लेखकाने त्यावर भाष्य करायची गरज नाही. पण ती जमिनीवर आहे हे त्याच्या ध्यानात हवं, कारण जमिनीवरून बाकावरच्या माणसाशी बोलताना मान वर करावी लागते.

आता माणसं. मी प्रत्येकाच्या स्वभावाऐवजी त्याच्या तिकिटापासून सुरुवात केली. त्या काळचं तिकीट म्हणजे पुठ्ठ्याचा छोटा आयत. थॉमस एडमंडसन या इंग्रज रेल्वे कर्मचाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत काढली आणि आपल्याकडे ती अगदी अलीकडेपर्यंत चालली. तिकिटावर कुठून, कुठे, वर्ग, भाडं आणि एक क्रमांक आधीच छापलेला असायचा. खिडकीतला बाबू ते यंत्रात दाबून तारखेचा ठसा उमटवायचा. तिकिटं क्रमाने विकली जात, त्यामुळे शेवटच्या क्रमांकावरून दिवसाचा हिशेब लागायचा. लेखकालाही एवढी माहिती पुरते. माणूस कुठून कुठे चाललाय, आणि आजच का चाललाय. यातल्या ‘आजच का’चं उत्तर तिकिटावर नसतं. तीच त्याची गोष्ट.

पहिलं तिकीट, अमळनेर ते सुरत. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. सुरतेच्या मागांवर खानदेशातली पोरं जात होती, आणि आज सुरतेत खानदेशी वस्त्याच्या वस्त्या आहेत. 1972ला महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. सरकारने ठिकठिकाणी खडी फोडण्याची आणि बंधाऱ्यांची कामं काढली होती, आणि पुढच्या मे महिन्यात त्या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. माझ्या मुलाला खडी फोडायची नाही. तो शाळा शिकलाय, मराठी वाचतो.

दुसरं तिकीट, नंदुरबार ते बारडोली. पंचविशीची भिल्ल बाई, कडेवर लहान मूल. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना 1950च्या दशकातला. त्याच्या आणि नंतर आलेल्या कारखान्यांच्या उसाच्या तोडणीला तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या नंदुरबारमधूनही, हजारो माणसं जात. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998ला झाला. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या या तोडणीचा अभ्यास 1970च्या दशकात केला. त्यांच्या लेखनातून या कामाची रीत नीट कळते. पावसाळ्यात गावात खायला नसतं तेव्हा मुकादम येऊन उचल देतो. दिवाळीनंतर टोळी निघते, उन्हाळ्यापर्यंत राबते आणि शेवटी मजुरीतून उचल वळती होते. मजूर मोजायचं एकक माणूस नसून कोयता. एक कोयता म्हणजे साधारण नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, दुसरी पाला काढून मोळ्या बांधते. त्यामुळे बाई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो.

इथे इतिहासाने मला अडवलं, आणि मदतही केली. टोळ्या बहुधा मुकादमाच्या ट्रकमधून जात. मग ही बाई आगगाडीत काय करतेय? ‘ऊसतोडणी कामगार गाडीने चालले होते’ असं मोघम लिहून भागत नाही. ती एकटी गाडीत असायला कारण हवं. माझ्या प्रसंगात ट्रक निघाला तेव्हा तिचं मूल तापाने फणफणलं होतं. नवरा गेला, ती आठ दिवस मागे राहिली. मुकादमाच्या भावाने तिला तिकिटाचे पैसे दिले आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी तिथे दाखव, म्हणाला. तिला वाचता येत नाही. आठ दिवसांची खाडी आणि तिकिटाचे पैसे त्या चिठ्ठीत कसे लिहिलेत, ही तिची काळजी. ट्रक चुकलेली बाई आणि तिच्या चोळीतली चिठ्ठी हे मला ‘ती गाडीत का?’ या एका प्रश्नातून मिळालं.

तिसरं तिकीट, खांडबारा ते सोनगड. साठीचा म्हातारा, गामित. तापीवरचं उकाई धरण 1972लाच पुरं झालं. त्याच्या पाण्यात सोनगडकडची बरीच गावं गेली, महाराष्ट्राच्या हद्दीतलीही काही गेली. म्हातारा खांडबाऱ्याकडे दिलेल्या लेकीला भेटून परत निघालाय. परत म्हणजे नव्या वसाहतीत, कारण तिकिटावरचं स्टेशन जुनं असलं तरी त्याच्या पुढचं गाव आता नाही.

चौथं तिकीट, नंदुरबार ते नवापूर. प्राथमिक शाळेचे गुरुजी. दर सोमवारी जातात, शनिवारी येतात. सीमेवर नोकरी असल्याने मराठीबरोबर गुजरातीही वाचतात.

आता ही चार तिकिटं एका रेषेवर मांडून पाहू. मुलगा सगळ्यात लांबचा, त्याच्या प्रवासात बाकीचे तिघे येतात आणि जातात. बाई आणि गुरुजी नंदुरबारपासून सोबत आहेत. म्हातारा खांडबाऱ्याला चढतो. गुरुजी नवापूरला उतरतात. म्हणजे चौघं एका वेळी डब्यात आहेत ते फक्त खांडबारा ते नवापूर. मध्ये चिंचपाडा. पॅसेंजरला हे अंतर काटायला तासभरही लागत नाही. जे काय घडायचं ते एवढ्यात. मी रोज ज्या प्रकारचं काम करतो त्यात ही साधी गोष्ट आहे: चार कालखंड कुठे एकमेकांवर येतात ते शोधायचं. पण कथेत त्याचा फायदा असा की कोणाला काय कळणार नाही, तेही याच मांडणीतून ठरतं. नंदुरबारला बाईला फलाटावर कोण सोडायला आलं होतं हे म्हाताऱ्याला कधीच कळणार नाही. बारडोलीला तिच्यासोबत काय झालं हे गुरुजींना कळणार नाही. लेखकाला कळलं तरी त्याने ते त्यांच्या तोंडी घालू नये.

तासभर आहे, पण तो सगळा बोलण्याचा नाही. वाफेच्या इंजिनाची गाडी, उघड्या खिडक्या, लोखंडी खडखडाट, रडणारी मुलं. चालत्या गाडीत गच्च डब्यात जमिनीवरच्या माणसाचं बाकावरच्याला निम्मं ऐकू येत नाही. म्हणून अशा प्रसंगात लेखकाने गाडी कुठे थांबते हे आधी शोधावं. हा मार्ग तेव्हा एकेरी होता, दुहेरीकरण पूर्ण व्हायला आपलं शतक उजाडलं. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी सोडता येते. त्यासाठी त्या काळच्या अशा मार्गांवर टोकनची पद्धत असे. पुढच्या स्टेशनशी यंत्रावर बोलणं झाल्याशिवाय टोकन निघत नसे, आणि कड्यात अडकवलेलं टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. समोरून मालगाडी किंवा एक्स्प्रेस येत असेल तर पॅसेंजरला बाजूच्या रुळावर घेतात आणि ती जाईपर्यंत थांबवतात. खानदेशात याला लहान मुलंही ‘क्रॉसिंग’च म्हणतात. ‘क्रॉसिंगला पडली’ म्हटलं की दहा मिनिटं ते पाऊण तास, काहीही असू शकतं. इंजिन सुस्कारे टाकतं, वारा थांबतो, घाम फुटतो आणि माणसांना एकमेकांचे आवाज ऐकू येऊ लागतात. एकेरी रुळावरच्या डब्यातलं बोलणं अशा थांब्यात होतं.

तर माझी गाडी चिंचपाड्याला क्रॉसिंगला पडते.

बाई चोळीतून चिठ्ठी काढते. डब्यात चष्मा लावलेला माणूस एकच आहे.

“गुरुजी, इतलं वाची देशात का?”

गुरुजी कागद घेतात. एका बाजूला मराठीत दोन नावं, गाव, आणि ‘एक कोयता’. खाली उचलीचा आकडा. ते मोठ्याने वाचतात, “एकशे चाळीस.”

“एकशे दहा,” बाई म्हणते. तिचा सूर त्यांची चूक दुरुस्त केल्यासारखा आहे.

“इथं चाळीस लिहिलंय, बाई.”

अमळनेरचा मुलगा वाकून बघतो. “चाळीसच शे,” तो म्हणतो. बाई त्याच्याकडे बघते. दोघांनी तेच वाचलं म्हणजे कागदावर तेच आहे. ती बोटं मोजू लागते. तिकिटाचे किती, आठ दिवसांचे किती. तीस होत नाहीत. पुन्हा मोजते.

गुरुजी कागद उलटा करतात. मागे गुजरातीत काही ओळी आहेत आणि कारखान्याचा अर्धवट उमटलेला शिक्का. ते वाचायला घेतात, आणि तेवढ्यात समोरची मालगाडी येते. चाळीस-पन्नास डबे जाईपर्यंत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. मग आपली गाडी हलते. नवापूरचे प्रवासी गाठोडी उचलून दाराकडे सरकायला लागतात. गर्दीच्या डब्यात स्टेशन येण्याआधी दहा मिनिटं सरकलं नाही तर उतरता येत नाही. गुरुजी उभे राहतात. त्यांनी दोन ओळी मनात वाचल्यात. एकशे चाळीसमधले तीस कसले ते त्यांना कळलंय. गर्दीने ते दोन हात पुढे लोटले गेलेत. कागद त्यांनी माणसांच्या डोक्यांवरून मागे दिलाय. ते काहीतरी ओरडून सांगतात, त्यातला ‘खावटी’ एवढा शब्द बाईला ऐकू येतो.

नवापूरला गाडी दोन राज्यांत उभी असते. गुरुजी उतरतात. मुलगा कागद हातात घेऊन मागची बाजू बघतो. अक्षरं ओळखीची वाटतात, पण वरची रेघच नाही. तो एक-दोन अक्षरं जुळवतो, आणि सोडून देतो. म्हातारा इतका वेळ गप्प आहे. त्याला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. तो बाईला विचारतो, “गाम कयुं?” ती गाव सांगते. मग तीही विचारते, “आन् तुमनं?”

“मारुं गाम पाणीमां छे,” म्हातारा म्हणतो.

तिला ते वाक्य कळतं, त्याचा अर्थ कळत नाही. नदीकाठचं असेल, असं तिला वाटतं. सोनगडला म्हातारा उतरतो. त्याने सोडलेल्या जागी बाकावर मुलगा तिला बसायला सांगतो. ती मुलाला तिथे बसवते, आणि स्वतः खालीच राहते.

इथे माझा प्रसंग संपतो. आकडे मी घातलेले आहेत आणि माणसंही माझीच, पण त्यांना जे करता आलं किंवा आलं नाही ते त्या मार्गाने ठरवलं. चिठ्ठीचा खुलासा करणारा माणूस डब्यात होता. त्याचं तिकीट नवापूरचं होतं, गाडी चिंचपाड्याला थांबली तेवढीच थांबली आणि कागदाची दुसरी बाजू सीमेपलीकडच्या लिपीत होती. या तीन गोष्टींतली एक जरी बदलली असती तरी बारडोलीला उतरताना त्या बाईला मुकादमाशी भांडायला एक आकडा मिळाला असता. गाडी क्रॉसिंगला पडलीच नसती तर ती चिठ्ठी न वाचताच उतरली असती, आणि कदाचित शांतपणे उतरली असती. तिघांच्या भेटीने तिला शंका दिली, उत्तर दिलं नाही.

असा प्रसंग फसलाय हे कसं ओळखायचं? मी दोन गोष्टी तपासतो. एक, कोणी उतरलं तर बाकीच्यांची जागा बदलते का. बदलत नसेल तर लिहिताना गर्दी विसरलेली असते, आणि माणसं बैठकीच्या खोलीत गप्पा मारत असतात. दुसरं, एखाद्या प्रवाशाला काढून टाकलं तर दुसऱ्याच्या गोष्टीत नेमकं काय कमी होतं. काहीच कमी होत नसेल तर तो शोभेला बसवलेला आहे. सगळंच कोसळत असेल तर तो अनोळखी राहिलेला नाही, लेखकाने त्याला नातेवाईक करून टाकलंय. माझ्या डब्यातून म्हातारा काढला तर बाईचा हिशेब तसाच राहतो. फक्त एक वाक्य कमी होतं, आणि बाकावरची एक रिकामी जागा.

ते वाक्य ठेवायचं की नाही यावर मी बरेच दिवस अडलो होतो. ठेवलं, कारण त्याच वर्षी, त्याच मार्गावर, पाण्याने गाव गेलेला माणूस आणि पाणी नाही म्हणून गाव सोडणारा मुलगा एकाच बाकावर बसलेले असू शकत होते, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगायचं काही कारण नव्हतं. म्हातारा सोनगडला उतरतो तेव्हा अमळनेरचा मुलगा खिडकीतून उसाची शेतं कधी लागतात ते बघत असतो.